कीबोर्डने लक्षात ठेवलेले शब्द पुसूनही परत का येतात?

प्रश्न: माझ्या अँड्रॉइड फोनवर जीबोर्ड आहे. मराठी आणि इंग्रजी दोन्ही टाइप करतो. एका व्यक्तीचं नाव (सुनंदा समजा) आता सुचायला नको आहे, पण 'सु' लिहिलं की वर हजर. दाबून धरून काढून टाकलं, दोन दिवसांत परत आलं. 'आशिर्वाद' असं चुकीचं लिहिलेलंही सारखं पुढे येतं. एका साइटवर लॉगिन करताना माझा अख्खा पासवर्ड पट्टीवर दिसला, तेव्हा तर घाबरलोच. क्लिपबोर्डमध्ये काही महिन्यांपूर्वीचा खातेक्रमांक अजून पडून आहे. अॅप सेटिंगमध्ये जाऊन कॅश साफ केली, फरक शून्य. सगळं पुसायचं आहे, पण पत्ता, ईमेल वगैरेसाठी मी घातलेले शॉर्टकट जाता कामा नयेत. पुढे हा फोन मुलीला द्यायचा आहे. नक्की काय करू?

उत्तर:

तुमच्या चार तक्रारींची मुळं चार वेगळ्या ठिकाणी असण्याची शक्यता मोठी आहे. त्यामुळे एका बटणाने सगळं जाईल ही अपेक्षा आधी सोडून द्या. कीबोर्डच्या वरची ती पट्टी फक्त दाखवण्याची जागा आहे. तिथे शब्द येतात ते निरनिराळ्या साठ्यांतून: कीबोर्डमध्ये मुळातच असलेला शब्दकोश, तुमच्या टायपिंगवरून तो शिकलेले शब्द, तुम्ही हाताने घातलेला वैयक्तिक शब्दकोश, फोनमधले संपर्क, नुकतंच कॉपी केलेलं काही, आणि ऑटोफिल म्हणजे फोनने किंवा ब्राउझरने जपून ठेवलेले पासवर्ड आणि पत्ते. तुम्ही एका साठ्यातून शब्द काढलात आणि तो दुसऱ्यातही असेल, तर तो दिसतच राहणार. 'पुसलं तरी परत येतं' अशा तक्रारी माझ्याकडे येतात त्यातल्या बहुतेकांचं कारण एवढंच निघतं.

म्हणून पुसण्याआधी शब्द कुठून येतोय ते शोधा. याला फार वेळ लागत नाही.

नोट्सचं कुठलंही साधं अॅप उघडा आणि कोरं पान घ्या. शोधचौकट, ब्राउझर किंवा लॉगिनचं पान नको, कारण तिथे इतर साठे मध्ये येतात. या कोऱ्या पानावर नको असलेल्या शब्दाची पहिली दोन-तीन अक्षरं लिहा. शब्द इथेही सुचला तर तो कीबोर्डकडे आहे किंवा कीबोर्ड तो संपर्कांतून उचलतोय. इथे सुचला नाही आणि ठरावीक साइटवर किंवा ठरावीक चौकटीतच सुचत असेल, तर तो ऑटोफिलचा किंवा त्या अॅपच्या स्वतःच्या इतिहासाचा आहे. ब्राउझरमध्ये लिहिताना चौकटीच्या खाली जी यादी उघडते तिचा तर कीबोर्डशी काडीचा संबंध नसतो. ती ब्राउझरची यादी असते, पण लोक कीबोर्ड पुसत बसतात. आणि काहीही न लिहिता, नुसतं चौकटीवर बोट ठेवल्याबरोबर पट्टीवर मजकूर आला, तर तो क्लिपबोर्ड किंवा ऑटोफिल यांपैकी एक असतो. मेसेजमधून आलेला ओटीपी पट्टीवर दिसतो तोही याच प्रकारचा. तो कीबोर्डने शिकलेला नसतो, त्यामुळे त्याची काळजी करू नका.

आता तुमचं 'सुनंदा' घेऊ, कारण यात सगळ्यात जास्त गुंता आहे.

कोऱ्या पानावर आधी मराठी कीबोर्ड ठेवून 'सु' लिहा. मग स्पेसबारशेजारच्या गोलाच्या चिन्हाने इंग्रजीवर जा आणि `Sun` लिहा. इंग्रजी अक्षरांत लिहून देवनागरी उमटवणारा कीबोर्डही लावलेला असेल तर त्यावरही पाहा. हे मुद्दाम सांगतोय, कारण शिकलेले शब्द भाषेगणिक वेगळे धरले जातात. मराठी कीबोर्डवर 'सुनंदा' दाबून धरून काढलंत तरी इंग्रजी बाजूचं `Sunanda` जागच्या जागी राहतं. आपल्यापैकी बरेच जण दिवसभर इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितात, म्हणजे तेच नाव दोन्ही लिप्यांत शेकडो वेळा लिहिलेलं असतं. काढताना मात्र ते एकाच बाजूने काढलं जातं.

पुढची चाचणी संपर्कांची. फोनच्या Settings मध्ये Apps, त्यात Gboard, त्यात Permissions, त्यात Contacts, आणि तिथे `Don't allow` निवडा. जीबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये 'Text correction' खालीही संपर्कांतली नावं सुचवण्याचा पर्याय असतो, पण परवानगी काढून घेणं जास्त खात्रीचं. मग परत कोऱ्या पानावर या आणि पुन्हा `Sun` लिहा.

समजा तुम्हाला असं दिसलं: परवानगी काढल्यावर इंग्रजीतलं `Sunanda` गेलं, मराठीतलं 'सुनंदा' मात्र कायम आहे. यावरून अर्थ सरळ लागतो. इंग्रजीतलं नाव संपर्कांच्या यादीतून येत होतं, कारण तो नंबर तुम्ही इंग्रजी अक्षरांत जतन केलेला आहे. देवनागरीतलं नाव कीबोर्ड तुमच्याकडून शिकला आहे. पहिल्यासाठी संपर्क पुसा किंवा परवानगी बंदच राहू द्या. दुसऱ्यासाठी मराठी कीबोर्डवर 'सु' लिहा, पट्टीवर 'सुनंदा' आलं की त्यावर बोट दाबून धरा आणि मध्ये दिसणाऱ्या कचरापेटीच्या चिन्हावर, `Remove suggestion` वर, ओढून सोडा. नुसतं दाबून सोडून चालत नाही. बोट न उचलता पेटीपर्यंत न्यावं लागतं. हे अर्धवट होऊन 'काढलं होतं, परत आलं' असं वाटणारेही भेटतात.

त्यानंतर एक पथ्य आहे. नाव काढल्यावर ते पुन्हा लिहू नका, आणि पट्टीवरून निवडू तर अजिबात नका. कीबोर्ड शिकतो तो शब्द किती वेळा आणि कुठल्या शब्दानंतर आला यावरून. तुम्ही सुचलेला शब्द बोटाने निवडता तेव्हा कीबोर्डच्या दृष्टीने तो बरोबर सुचवला गेला, हेच सिद्ध होतं. गंमत म्हणजे शब्द गेला का हे तपासण्यासाठी लोक तोच शब्द पूर्ण लिहून पाहतात, पुढे स्पेस देतात, आणि दोन-चार वेळा असं केलं की तो पुन्हा शिकवलेला असतो. तपासताना पहिली अक्षरंच लिहा आणि ती खोडून टाका.

शब्दांच्या जोड्यांचंही असंच. 'सु' न लिहिताही, एखाद्या ठरावीक शब्दानंतर स्पेस दिली की 'सुनंदा' येत असेल, तर कीबोर्डने ती जोडी लक्षात ठेवली आहे. तिथे नाव सुचेल तेव्हाच ते दाबून धरून काढायचं. एकदा काढलेला शब्द जोडीतही येत नाही असं साधारण दिसतं, पण आला तर गोंधळून जाऊ नका, तिथूनही काढा.

'आशिर्वाद'चं थोडं निराळं आहे. इथे आधी वैयक्तिक शब्दकोश उघडून बघा: जीबोर्डच्या Settings मध्ये 'Dictionary', त्यात 'Personal dictionary'. तिथे भाषांच्या वेगळ्या याद्या असतात आणि सगळ्या भाषांसाठी एक सामाईक यादी असते. मराठीची आणि सामाईक, दोन्ही उघडा. अनोळखी शब्द लिहिल्यावर तो शब्दकोशात घालायचा का असं कीबोर्ड किंवा एखादं अॅप विचारतं, आणि घाईत आपण हो म्हणतो. चुकीचं रूप असं कायमचं बसलेलं असू शकतं. यादीत सापडलं तर त्यावर बोट ठेवून वरच्या कचरापेटीने काढा. नाही सापडलं तर ते शिकलेल्या शब्दांत आहे किंवा कीबोर्डच्या मूळ शब्दकोशातच तसं आहे. दोन्ही वेळा उपाय तोच, दाबून धरून पेटीत ओढणं. फरक इतकाच की मूळ शब्दकोशातला शब्द खरा पुसला जात नाही, तो फक्त तुमच्यापुरता सुचायचा थांबतो. काढल्यानंतर 'आशीर्वाद' हे बरोबर रूप काही वेळा पूर्ण लिहा, म्हणजे रिकामी झालेली जागा ते घेईल. इथे पुन्हा लिहिण्याची सवय आपल्या बाजूने वापरायची.

आता पासवर्ड. तुम्ही घाबरलात हे बरोबरच आहे, पण मला वाटतं तो कीबोर्डने शिकलेला नाही.

पासवर्डच्या चौकटीत, म्हणजे जिथे ठिपके उमटतात तिथे, कीबोर्ड शब्द शिकत नाही. अॅप बनवणाऱ्याने ती चौकट पासवर्डची आहे असं सांगितलेलं असतं आणि कीबोर्ड ते पाळतो. याखेरीज 'इथलं काही शिकू नकोस' असा वेगळा निरोपही अॅप देऊ शकतं. अँड्रॉइड ८ पासून ती सोय आहे. क्रोममध्ये इनकॉग्निटो टॅब उघडला की जीबोर्डवर टोपी-चष्म्याचं चिन्ह दिसतं, ते याचंच. दुसरं कारण असं की चांगल्या पासवर्डमध्ये अक्षरं, आकडे आणि चिन्हं मिसळलेली असतात. मध्ये `@` किंवा `#` आलं की बहुतेक वेळा कीबोर्डच्या लेखी तिथे शब्द संपतो. त्यामुळे तो शिकलाच तर एखादा तुकडा शिकेल. अख्खा पासवर्ड, आकडे-चिन्हांसकट, एका फटक्यात पट्टीवर आला असेल तर तो क्लिपबोर्डवरून आलाय किंवा ऑटोफिलमधून.

दोन्हींत फरक ओळखणं सोपं आहे. ऑटोफिलचा तुकडा आला तर सहसा तुमचं वापरकर्तानाव किंवा ईमेल दिसतो, पासवर्डच्या जागी ठिपके असतात, आणि शेजारी पासवर्ड सांभाळणाऱ्या सेवेचं छोटं चिन्ह असतं. ही सोय अँड्रॉइड ११ पासून कीबोर्डच्या पट्टीवरच दिसू लागली, म्हणून लोकांना ती कीबोर्डची करामत वाटते. क्लिपबोर्डवरचा मजकूर मात्र वाचता येतो. तुम्हाला पासवर्ड अक्षरन् अक्षर वाचता आला असेल, तर थोड्या वेळापूर्वी तुम्ही तो कुठूनतरी कॉपी केला होता. नोट्समधून, मेसेजमधून, स्वतःलाच पाठवलेल्या मेलमधून. आठवून बघा.

म्हणजे खरी अडचण कीबोर्ड नसून पासवर्ड साध्या मजकुरात कुठेतरी लिहून ठेवलेला आहे, ही आहे. तो तिथून काढा, पासवर्ड सांभाळणाऱ्या अॅपमध्ये ठेवा, आणि तो बदलाच. कीबोर्ड कितीही साफ केला तरी नोट्समध्ये किंवा मेलमध्ये पडलेली प्रत तशीच राहते. पट्टीवर दिसलेला तुकडा ऑटोफिलचा निघाला तर काही पुसायची गरजच नाही, तो व्यवस्थित काम करतोय. तरीही एखाद्या साइटचा पासवर्ड जतन राहायला नको असेल, तर फोनच्या Settings मध्ये वरच्या शोधचौकटीत `autofill` लिहा, तिथून सेवा उघडेल आणि त्यातून तेवढी नोंद काढता येईल.

याला अपवादही आहे. पासवर्डचा पहिला शब्दासारखा तुकडा, समजा `Paaus`, कोऱ्या पानावर तीन अक्षरं लिहून सुचत असेल, तर तो मात्र कीबोर्डने शिकलाय. हे होतं ते पासवर्ड चुकून वापरकर्तानावाच्या चौकटीत लिहिल्याने, कुणाला मेसेजमध्ये पाठवल्याने, किंवा एखाद्या कच्च्या अॅपने पासवर्डची चौकट साध्या मजकुराची ठेवल्याने. तो वर सांगितलेल्या रीतीने काढा, आणि पासवर्ड तर याही वेळी बदलाच.

क्लिपबोर्डच्या बाबतीत तुमच्या वर्णनात एक मोलाचा धागा आहे: 'काही महिन्यांपूर्वीचा'. जीबोर्डच्या क्लिपबोर्डमध्ये कॉपी केलेला मजकूर साधारण तासाभरानंतर आपोआप निघून जातो. राहतो तो फक्त पिन केलेला. त्यामुळे महिनोन् महिने टिकलेला खातेक्रमांक एक तर पिन झालाय किंवा तो जीबोर्डच्या क्लिपबोर्डमध्ये नाहीच.

पट्टीवरच्या क्लिपबोर्डच्या चिन्हावर टिचकी मारा. तिथे न दिसल्यास चार चौकोनांच्या चिन्हात शोधा. पिन केलेल्या गोष्टी वेगळ्या शीर्षकाखाली असतात. खातेक्रमांक तिथे असला तर दाबून धरा आणि `Delete` निवडा. बरेच तुकडे काढायचे असतील तर पेन्सिलचं चिन्ह दाबून सगळे एकदम निवडता येतात. `Unpin` निवडू नका. तो फक्त पिन काढतो, मजकूर लगेच घालवत नाही. तिथेच बघा, स्क्रीनशॉटही येऊन बसलेत का. जीबोर्डच्या क्लिपबोर्ड सेटिंगमध्ये अलीकडचे स्क्रीनशॉट ठेवण्याचा पर्याय असतो. तो चालू असेल तर पासबुकाचा किंवा ओळखपत्राचा काढलेला स्क्रीनशॉट तुम्ही कॉपी न करताही कीबोर्डमध्ये दिसतो. हा पर्याय मी नेहमी बंद ठेवायला सांगतो. त्याच्या जवळच कॉपी केलेलं पट्टीवर दाखवण्याचा पर्याय आहे. तो बंद केला की पासवर्डासारखा मजकूर शेजारी बसलेल्या माणसाला आयता दिसत नाही.

जीबोर्डच्या क्लिपबोर्डमध्ये काहीच सापडलं नाही, तर तुमच्या फोनला कंपनीचा स्वतःचा क्लिपबोर्ड असण्याची शक्यता आहे. सॅमसंगच्या फोनवर हे हमखास असतं. लिहिण्याच्या चौकटीत बोट दाबून धरलं की कॉपी-पेस्टच्या शेजारी 'Clipboard' असा पर्याय येतो, तो फोनचा साठा. तुम्ही रोज जीबोर्ड वापरत असलात तरी तो बाजूला भरत राहतो, आणि त्यातलं जुनं तासाभराने निघून जात नाही. तो उघडून कचरापेटीच्या चिन्हाने रिकामा करा. कुलूप लावलेले किंवा पिन केलेले तुकडे वेगळे निवडून काढावे लागतात. फोनमध्ये दोन-तीन कीबोर्ड असतील तर प्रत्येकाचा क्लिपबोर्ड एकदा तरी उघडून पाहा. कधीतरी आवडला म्हणून बसवलेला आणि विसरून गेलेला कीबोर्ड हाच बऱ्याचदा गुन्हेगार निघतो.

सगळं रिकामं केल्यावर सर्वांत शेवटी एखादा निरर्थक शब्द कॉपी करा. इतिहास पुसला तरी 'आत्ता पेस्ट करता येईल असं शेवटचं' फोन वेगळं लक्षात ठेवतो, आणि नवीन काही कॉपी केलं की ते बदलतं. अँड्रॉइड १३ पासून हे शेवटचंही काही वेळाने आपोआप जातं, पण हाताने करायला क्षणभरच लागतो.

आता सरसकट पुसण्याकडे येऊ. कॅश साफ करून काही झालं नाही ते साहजिक आहे. कॅशमध्ये फक्त तात्पुरत्या फायली असतात, शिकलेले शब्द तिथे नसतात. त्याच पानावरचं 'Clear storage' मात्र सगळं साफ करतं: शिकलेले शब्द, निवडलेल्या भाषा, मांडणी, थीम, पिन केलेले तुकडे, सगळं. ते झाल्यावर मराठी कीबोर्डसुद्धा पुन्हा घालावा लागतो. फक्त शिकलेले शब्द घालवायचे असतील तर एवढा मोठा हातोडा नको. जीबोर्डच्या Settings मध्ये 'Privacy' उघडा, त्यात 'Delete learned words and data' आहे. दाबलं की तो एक आकडी कोड दाखवतो आणि तोच लिहायला लावतो, चुकून बोट लागून सगळं जाऊ नये म्हणून. जुन्या आवृत्तीत हाच पर्याय 'Dictionary' किंवा 'Advanced'मध्ये असायचा, तुमच्याकडे 'Privacy'त न दिसल्यास तिथे शोधा.

तुमचे शॉर्टकट यात सुखरूप राहायला हवेत, कारण ते वैयक्तिक शब्दकोशात असतात आणि ती यादी शिकलेल्या शब्दांहून वेगळी आहे. पण 'हवेत' यावर विसंबू नका. 'Personal dictionary'मधली संबंधित यादी उघडा, कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांत 'Export' आहे, त्याने एक झिप फाइल मिळेल. आत `dictionary.txt` असते. ती साध्या मजकुराची फाइल आहे, उघडून वाचता येते. साधारण अशी दिसते:

```
# Gboard Dictionary version:1
pta	तुमचा पूर्ण पत्ता	mr-IN
eml	tumcha@example.com	en-US
```

पहिल्या ओळीनंतर प्रत्येक ओळीत आधी शॉर्टकट, मग पूर्ण मजकूर, मग भाषा, आणि मध्ये टॅब. टॅबच्या जागी स्पेस झाली तर ती ओळ नीट परत येत नाही, म्हणून फाइल संपादित करणार असाल तर तेवढं जपा. 'आशिर्वाद'सारखं काही चुकून यादीत गेलेलं असेल तर तेही इथे एका नजरेत सापडतं, पडद्यावर एकेक पाहत बसण्यापेक्षा सोपं. फाइल फोनबाहेर, मेलमध्ये किंवा ड्राइव्हवर ठेवा. पत्ता आणि ईमेलच आहेत ना त्यात? खातेक्रमांक किंवा पासवर्डचे शॉर्टकट केले असतील तर आधी ते काढा, मगच एक्स्पोर्ट करा.

माझं स्वतःचं मत विचाराल तर फोन तुमच्याकडेच राहणार असता, तर सरसकट पुसू नका असंच म्हणालो असतो. मराठीसाठी शिकलेले शब्द फार कामाचे असतात. घरातल्यांची नावं, आडनावं, बोलीतली रूपं, 'करतोयस' आणि 'येऊन गेलो'सारखी रोजची क्रियापदं, इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची तुमची स्वतःची पद्धत, हे मूळ शब्दकोशात अर्धंमुर्धंच असतं. सगळं पुसलं की पुढचे काही आठवडे पट्टीवर कोरडं, पुस्तकी काहीतरी सुचतं, आणि इंग्रजी बाजूला तर ऑटोकरेक्ट तुमचं मराठी मोडून इंग्रजी करतो. दोन-चार नको असलेल्या शब्दांसाठी ही किंमत मोठी आहे. तसंच 'Privacy'मधलं 'Personalization' बंद ठेवून काहीच शिकू न देणं हाही पर्याय आहे, पण त्याचा परिणाम रोज असाच राहील. ठरावीक प्रसंगी जपायचं असेल तर इनकॉग्निटो टॅब पुरतो.

तुमच्या बाबतीत फोन मुलीकडे जाणार आहे, म्हणून क्रम असा ठेवा. आधी शॉर्टकट एक्स्पोर्ट करा. मग फोन देण्याच्या दिवशी तुमच्या गोष्टी नव्या फोनवर गेल्याची खात्री करून जुन्या फोनचा फॅक्टरी रिसेट करा. त्यात शिकलेले शब्द, सगळे कीबोर्ड, सगळे क्लिपबोर्ड एकदम जातात, त्यामुळे रिसेट करणारच असाल तर त्याआधी एकेक शब्द पुसत बसायची गरज नाही. रिसेटनंतर मुलीने तिच्या खात्याने साइन इन करावं, तुमच्या नाही. तुमचं खातं पुन्हा घातलं तर तुमचे संपर्क आणि जतन केलेले पासवर्ड तिच्या हातात परत उतरतील, आणि पट्टीवर पुन्हा तीच नावं येऊ लागतील. स्विफ्टकीसारखा स्वतःचं खातं असलेला कीबोर्ड कधी वापरला असेल तर त्याच्या खात्यात साठवलेली प्रतही तिथे साइन इन करून पुसा. ती फोनमध्ये नसते, त्यामुळे रिसेटने जात नाही.

नव्या फोनवर तुम्ही तुमच्या खात्याने साइन इन केल्यावर संपर्क परत येतील, त्यात तो नंबर असेल तर इंग्रजीतलं `Sunanda` पहिल्या दिवशीच सुचेल. कीबोर्ड नवा असला तरी. तेव्हा तिकडे जीबोर्डने संपर्कांची परवानगी मागितली की लगेच हो म्हणू नका.

मुलीकडे किंवा घरात कुणाकडे आयफोन असेल तर थोडक्यात सांगतो. तिथे एकेक शब्द काढायची सोय नाही. Settings, General, `Transfer or Reset iPhone`, Reset, आणि त्यात `Reset Keyboard Dictionary`, असं एकदम सगळं जातं आणि पासकोड विचारला जातो. शॉर्टकट मात्र General मधल्या Keyboard खाली 'Text Replacement'मध्ये वेगळे असतात आणि आयक्लाउडने सगळ्या उपकरणांवर सारखे होतात. एका फोनवर काढलेला शॉर्टकट दुसऱ्या उपकरणावरूनही जातो हे लक्षात घेऊनच तिथे हात लावा.

कोऱ्या पानावर 'सु' आणि `Sun` लिहिल्यावर तुम्हाला नेमकं काय दिसलं, आणि फोन कुठल्या कंपनीचा आहे, हे कळवलंत तर क्लिपबोर्डचं तुमच्या फोनवरचं ठिकाण सांगता येईल.